बार्शीच्या नोंदणीने शिकवलेले आरोग्यशिक्षण

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांनी मिळून हे काम उभे केले. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे आणि सुमारे चार लाख वस्ती तिच्या कक्षेत होती. दरवर्षी इथे किती जणांना कोणता कर्करोग होतो, एवढेच मोजायचे होते. ग्रामीण भागासाठी लोकसंख्येवर आधारलेली अशी नोंदणी देशात तोवर झालेली नव्हती.

मुंबईत १९६३ पासून अशी नोंदणी चालू होती. तिथली पद्धत सरळ होती. रुग्णालये, तपासणी प्रयोगशाळा आणि मृत्यूचे दाखले यांवरून नावे गोळा करायची. बार्शीत ही पद्धत लागू पडेना. रुग्णालयात नाव सापडायचे तर रुग्ण आधी रुग्णालयात यायला हवा. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेली परांडा तालुक्यातली पन्नाशीची बाई घरीच अंथरूण धरायची, गावातले औषध घ्यायची आणि निदान न होताच जायची. तिच्या मृत्यूची नोंद झाली तरी कारणाच्या रकान्यात कर्करोग येत नसे. कागदांच्या भरवशावर मोजणी केली असती, तर या गावांत कर्करोग जवळजवळ नाहीच असे उत्तर आले असते.

म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांना घरोघर जावे लागले. ते डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले क्षेत्रकार्यकर्ते होते. ठरावीक गावांत पुन्हा पुन्हा जायचे, लोकांशी ओळख वाढवायची, लहान बैठका घ्यायच्या, कर्करोगाची धोक्याची लक्षणे सांगायची आणि कोणाला तशी लक्षणे असतील तर त्यांना बार्शीपर्यंत आणायचे, असे त्यांचे काम झाले. मोजण्यासाठी बोलावे लागले आणि त्या बोलण्यानेच मोजली जाणारी गोष्ट बदलू लागली. १९९५ साली या नोंदणीच्या संशोधकांनी एका आंतरराष्ट्रीय कर्करोग नियतकालिकात आपला अनुभव मांडला. कार्यकर्त्यांचा वावर वाढला, तसा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होणाऱ्या बायकांचा वाटा वाढला होता. या टप्प्यांत उपचाराला यश येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. या बदलामागे नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. बाई लवकर येऊ लागली होती.

आरोग्यशिक्षणातील संवाद, त्याचे अडथळे आणि माध्यमाची निवड या विषयाच्या पुस्तकाची प्रस्तावना बार्शीपासून सुरू करण्याचे कारण हेच आहे. संवाद यशस्वी झाला की नाही हे कशावरून ठरवायचे, याचे चोख उत्तर या नोंदणीने दिले. किती पत्रके वाटली, किती सभा झाल्या, किती लोकांनी ऐकले, हे आपल्या कामाचे आकडे झाले. रुग्ण कोणत्या टप्प्यात दारात येतो, हा परिणामाचा आकडा आहे. माध्यमाची निवड या दुसऱ्या आकड्याकडे पाहून करावी लागते.

बार्शीच्या कामात पुढे आणखी एक वळण आले. सुरुवातीच्या काळात सांगायची गोष्ट लक्षणांची होती. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, असे काही असेल तर थांबू नका. ही गोष्ट ऐकणाऱ्या बाईला आधीच काहीतरी होत असते. तिच्या मनात धास्ती असते, आणि तिला फक्त त्या त्रासाचा अर्थ आणि पुढची वाट कळायला हवी असते. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक महत्त्वाची गोष्ट अशी, की एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग टिकून राहिल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. या काळात गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल होतात. ते शोधता येतात, साध्या उपचाराने काढता येतात, पण ते बाईला मुळीच जाणवत नाहीत. तेव्हा खरा फायदा हवा असेल तर निरोप बदलतो. तुम्हाला काहीही होत नाही, तरी या आणि तपासून घ्या, असे सांगावे लागते.

हे दोन निरोप ऐकायला एकसारखे वाटतात, पण संवादाच्या दृष्टीने ते अगदी वेगळ्या जातीचे आहेत. दुखणे नसताना एका दिवसाचा रोजगार सोडायचा, अनोळखी माणसासमोर टेबलावर झोपायचे, अंतर्गत तपासणी करून घ्यायची आणि वर काहीतरी निघाले तर काय, ही भीती घेऊन घरी जायचे. यातल्या प्रत्येक पायरीवर बाई मागे फिरू शकते. त्यामुळे दुसऱ्या निरोपाला नुसती माहिती पुरत नाही.

त्याची मोठी परीक्षा शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात झाली. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास केला. तीन भागांत वेगवेगळ्या तपासण्या दिल्या. एकात एचपीव्ही चाचणी होती, दुसऱ्यात पेशींची तपासणी. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, ज्याला व्हीआयए म्हणतात. चौथ्या भागात नेहमीची आरोग्यसेवा आणि तपासणी कुठे करून घेता येईल याची माहिती, एवढेच होते. बायकांना एकदाच तपासून पुढे सुमारे आठ वर्षे पाठपुरावा झाला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या भागात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि नुसती माहिती मिळालेल्या भागात ६४. दोन्ही भागांत बायकांची संख्या एकतीस ते चौतीस हजारांच्या आसपास, म्हणजे फारशी वेगळी नव्हती. चौथ्या भागाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे नैतिक वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

या अभ्यासातून कोणती चाचणी चांगली हे कळले, असे वैद्यकशास्त्राची पुस्तके सांगतात. संवादाच्या अभ्यासकाने मात्र दुसरीकडे पाहावे. चाचणी दिलेल्या भागांत बोलावलेल्या बायकांपैकी सुमारे ७९ टक्के तपासणीला आल्या. ग्रामीण मराठवाड्यात, अंतर्गत तपासणीसाठी, एकही तक्रार नसताना. या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या बायका शंभरात दोनही भरल्या नाहीत. या दोन आकड्यांमधले अंतर हा आपल्या विषयाचा गाभा आहे.

७९ टक्के कसे साधले? आधी घरोघर जाऊन पात्र बायकांची यादी झाली. मग प्रत्येकीला तिच्या नावाने बोलावणे गेले. गटात बैठका घेऊन तपासणीत नेमके काय होते ते सांगितले गेले. तपासणी गावाजवळच, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तशाच सार्वजनिक इमारतीत ठेवली गेली. ज्यांच्यात काही आढळले त्यांचा उपचार बार्शीच्या रुग्णालयाशी जोडलेला होता. या साखळीत सांगणारा माणूस, तपासणीची जागा, ठरलेला दिवस आणि पुढचा उपचार हे सगळे एकत्र होते. चौथ्या भागातल्या बाईला माहिती मिळाली होती, पण तिच्या नावाचा दिवस आणि जागा मिळाली नव्हती.

आता न आलेल्यांकडे पाहू, कारण अडथळे तिथे दिसतात. याच अभ्यासातल्या सहभागाचा वेगळा तपास २००७ साली प्रसिद्ध झाला. तिशीतल्या, थोडेफार शिकलेल्या आणि कुटुंबनियोजनाची साधने वापरलेल्या बायका जास्त प्रमाणात आल्या होत्या. याचा अर्थ असा, की ज्यांचा आरोग्यसेवेशी आधी संबंध आलेला आहे त्यांच्यापर्यंत निरोप सहज पोचतो. पन्नाशी ओलांडलेली, निरक्षर, दवाखान्याची पायरी क्वचितच चढलेली बाई मागे राहते, आणि वयाचा विचार करता कर्करोग सापडण्याची शक्यता तिच्यातच जास्त असते. मोहिमेला मिळालेला प्रतिसाद मोठा असूनही तो चुकीच्या टोकाला गोळा झालेला असू शकतो. म्हणून आलेल्यांची संख्या मोजताना त्यांची वयेही लिहावीत.

परिचर्येचे आणि समाजवैद्यकाचे विद्यार्थी संवादाचे अडथळे चार प्रकारांत शिकतात: शारीरिक, मानसिक, परिसराचे आणि सांस्कृतिक. यादी बरोबर आहे, पण ती पाठ करण्यापेक्षा एका बाईवर लावून पाहावी. सोलापूरच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणारी पंचावन्न वर्षांची एक बाई कल्पनेत आणा. वर्षानुवर्षे वळून तिच्या पाठीला बाक आला आहे, डोळे अधू झाले आहेत. पत्रकाची बारीक अक्षरे तिला दिसत नाहीत. हा शारीरिक अडथळा झाला. कर्करोग म्हणजे मरणच, मग आधी कळून काय करायचे, असे तिला वाटते. हा मानसिक. तिच्याशी बोलायला गेले तर गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट, आणि एका खोलीच्या घरात सून, नातवंडे, मुलगा सगळे हजर. अंगावरून जाण्याचा विषय तिथे निघणार कसा? हा परिसराचा. आणि ज्या वयात पाळी गेली, संबंध उरले नाहीत, त्या वयात तिथली तपासणी करून घेणे लाजिरवाणे, हा सांस्कृतिक.

या बाईच्या बाबतीत भाषेचा प्रश्न आणखी खोल आहे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांची घरची भाषा तेलुगू आहे. म्हणून पत्रक तेलुगूत छापले की काम झाले असे कार्यालयात वाटते. पण इथल्या अनेकींना तेलुगू फक्त बोलता येते. त्यांच्या मुलांनी शाळेत मराठी लिपी गिरवली, त्या स्वतः शाळेतच गेल्या नाहीत. त्यांच्यासाठी छापील तेलुगूचा उपयोग नाही, बोललेल्या तेलुगूचा आहे. भाषा ठरवताना ती वाचली जाणार की ऐकली जाणार, हे आधी विचारावे.

भीती दाखवून लोक जागे होतात, असा समज अजून पुसलेला नाही. आपल्याच भागात त्याची किंमत मोजली गेली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे मजुरी, पाळीच्या दिवसांतले हाल, खाजगी दवाखान्यांचा नफा अशी अनेक कारणे होती. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, हे वाक्य त्यांतलेच एक होते. अंगावरून पांढरे जाते असे सांगणाऱ्या बाईला आपण कर्करोगाची भीती दाखवली आणि पुढची वाट दाखवली नाही, तर ती भीती घेऊन ती कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. धोक्याचे प्रत्येक वाक्य एका साध्या, जवळच्या, परवडणाऱ्या कृतीला जोडलेले असावे. तपासणीत काही आढळणे म्हणजे कर्करोग नव्हे आणि बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही, हे त्याच श्वासात सांगावे.

मग सामूहिक माध्यम केव्हा वापरायचे आणि प्रत्यक्ष संवाद केव्हा? पल्स पोलिओचे उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतले आहे. १९९५ पासून दूरदर्शन, आकाशवाणी, भिंती, रिक्षावरचे कर्णे यांतून एकच निरोप गेला: अमुक दिवशी, लहान मूल, जवळचे केंद्र, दोन थेंब. कृती छोटी, दिवस सगळ्यांना एकच, लाजण्यासारखे काही नाही, उलट प्रश्न विचारण्याची गरज कमी. अशा निरोपाला सामूहिक माध्यम उत्तम चालते. कमी खर्चात सर्वदूर जाते आणि प्रत्येकाला तेच शब्द ऐकवते. पण उत्तर प्रदेशातल्या ज्या वस्त्यांत पालकांनी डोस नाकारले, तिथे जाहिराती वाढवून नकार हटला नाही. त्याच वस्तीतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवावे लागले, इमामांशी आणि वडीलधाऱ्यांशी बोलावे लागले. शंका असलेल्या माणसाला उलट विचारता यावे लागते, आणि रेडिओला उलट विचारता येत नाही.

यावरून निवडीसाठी तीन प्रश्न हाती येतात. लोकांना गोष्ट माहीतच नाही, की माहीत असून ते थांबले आहेत? अपेक्षित कृती चारचौघांत बोलता येण्यासारखी आहे का? आणि निर्णय ऐकणाऱ्याच्या एकट्याच्या हातात आहे, की सासू, नवरा, मुलगा यांच्या होकारावर अवलंबून आहे? माहितीच नसेल, कृती उघड असेल आणि निर्णय आपला असेल, तर सामूहिक माध्यम पुरेसे आहे. उत्तरे उलट दिशेला जाऊ लागली, तसा प्रत्यक्ष भेटीचा वाटा वाढवावा लागतो.

तिसऱ्या प्रश्नाचा एक उपयोग बहुधा दुर्लक्षित राहतो. बाईशी आपण घरात बोलतो, पण तिच्या घरच्या पुरुषांशी बोलायला कोणी जात नाही. त्यांच्यासाठी सामूहिक माध्यम कामी येते. पूर्व भागाचीच योजना करून पाहू. तपासणी शिबिराच्या आधीच्या आठवड्यात आकाशवाणीवर आणि वस्तीतल्या कर्ण्यावर साधी घोषणा व्हावी, मराठीत आणि तेलुगूत. तिचे काम बाईला पटवण्याचे नाही. घरातल्या सगळ्यांच्या कानावर विषय जावा आणि हे सरकारी, रीतसर, सगळ्यांसाठी आहे असे वाटावे, एवढेच. विडी वळताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात, ही वेळ रेडिओसाठी चांगली. बायका वळलेल्या विड्या द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला कारखान्यात जातात, तिथे दहा-पंधरा जणींची बैठक घ्यावी. तपासणीत वापरायची साधने दाखवावीत, वेळ किती लागतो ते सांगावे. त्यानंतर आशाने घरी जाऊन नाव, दिवस आणि वेळ असलेली चिठ्ठी द्यावी. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून शिबिराची वेळ माल देण्याच्या वेळेला लागून ठेवावी. नाही तर बाई वेळ नाही म्हणेल, आणि ते खरेच असेल.

प्रत्यक्ष संवादाच्याही मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. साधारण हजार वस्तीमागे एक आशा, आणि तिच्यावर लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग अशा कामांचा भार आधीच आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखीम तपासणी अर्ज भरण्याचे कामही तिच्याकडेच आले आहे. घाईत तो अर्ज रकाने भरण्यापुरता उरतो आणि बोलणे होतच नाही. शिवाय जिल्ह्यात दिलेले प्रशिक्षण तालुक्यात, तिथून उपकेंद्रात आणि मग आशापर्यंत येताना प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळते. आणि आशा त्याच गल्लीत राहते. बाळंतपणासाठी तिची जवळीक हे बळ आहे, पण अंगावरून जाण्याबद्दल शेजारणीला सांगायला बाई कचरते. अशा वेळी बैठक आशाने जमवावी आणि खाजगी बोलणे बाहेरून आलेल्या आरोग्यसेविकेने करावे.

निरोप नीट गेला का हे जागच्या जागी ओळखण्याची एक पद्धत आहे. समजले का, असे विचारू नये, कारण उत्तर हो असेच येते. घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल, असे विचारावे. ती सांगू लागली की कुठे गैरसमज आहे ते तिच्याच शब्दांत कळते. तपासणी म्हणजे ऑपरेशन, असे ती म्हणाली, तर दोष आपल्या सांगण्याचा आहे आणि तो तिथेच दुरुस्त करता येतो. दुसरी खूण शिबिरानंतरची. न आलेल्या प्रत्येकीच्या नावापुढे कारण लिहावे: काम, भीती, घरचा नकार, त्रास नाही, पाळी चालू. एकाच वस्तीत घरचा नकार सारखा दिसला, तर पुढची बैठक पुरुषांची घ्यावी. त्रास नाही हे कारण जास्त असेल, तर त्रास नसतानाही या, हा दुसरा निरोप पोचलाच नाही, लोकांनी लक्षणांचा पहिलाच निरोप ऐकला आहे. कामाचे कारण असेल, तर बोलणे वाढवण्यापेक्षा शिबिराची वेळ बदलावी.

आशा, आरोग्यसेविका, परिचर्येचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांनी पुढची प्रकरणे वाचताना ही कारणांची यादी हाताशी ठेवावी. प्रत्येक पद्धतीपाशी ती लावून पाहावी: ही पद्धत यांतले कोणते कारण दूर करते, आणि कोणत्या कारणापुढे तिचा उपयोग नाही? भित्तिपत्रक, पथनाट्य, गटचर्चा, गृहभेट, मोबाइलवरचा निरोप यांतले कोणतेही साधन मुळात श्रेष्ठ किंवा कनिष्ठ नाही. समोरचा माणूस कुठे अडला आहे हे आधी कळले पाहिजे, मग साधन आपोआप ठरते. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी नोंद करण्यासाठी लोकांचे ऐकायला सुरुवात केली, आणि त्यातून लोक वेळेवर येऊ लागले. आपल्या कामाचा क्रमही हाच असावा.